आत्ती, भाची आणि पर्याय क्रमांक चार

ही गोष्ट घडली तेव्हा सोन्या पाचवीत होता. त्याचं पाळण्यातलं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे आणि ते तिथंच राहतं. गलाईवाल्याच्या घरात जन्मलेल्या पोराला सोन्या नाही तर काय म्हणणार? विट्याच्या आसपासच्या एका गावात त्याचा दुमजली बंगला आहे. वरच्या मजल्याचं कुलूप दिवाळीला आणि यात्रेला निघतं, एरवी नाही. खालच्या मजल्यावर आण्णा, आजी आणि सोन्या अशी तीन माणसं राहतात. बंगला ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते सोन्याचे आईवडील मात्र दिल्लीत, करोलबागच्या रेघरपुऱ्यात एका खोलीत असतात. त्या खोलीचा अर्धा भाग दुकान आहे.

सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ही गोष्ट कुणाला नवी नाही. पावसाने पाठ फिरवलेल्या या भागातली माणसं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात पडली आणि देशभर पसरली. भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, एखाद्या अरुंद जिन्यावरून ‘काय रं, कुठल्या गावचा?’ असं ऐकू येईलच. धंद्याला गलाई म्हणतात. पोरगं लहान असलं की त्याला आजी-आजोबांकडे ठेवायचं, ही त्या धंद्याची दुसरी, कुठेच न लिहिलेली बाजू.

सोन्या गावात राहिला त्याला आणखी एक कारण होतं. करोलबागेपासून पहाडगंज जवळ आणि पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे. म्हणजे दिल्लीत मराठीची सोय नाही असं नव्हे. पण ती शाळा केंद्रीय मंडळाची. सोन्याच्या वडिलांना पोराला स्कॉलरशिपला बसवायचं होतं. स्कॉलरशिप म्हणजे पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचीच, बाकी सगळ्या नुसत्या परीक्षा, असं या भागातल्या माणसाचं ठाम मत असतं. पास झाल्यावर मिळतं काय? गुणवत्ता यादीत आलं तर वर्षाला पाच हजार रुपये, तीन वर्षं. ज्या फेब्रुवारीत सोन्या परीक्षेला बसला, त्या फेब्रुवारीत पाच हजारांत एक ग्रॅम सोनंही येत नव्हतं. हा हिशेब त्याच्या वडिलांना कुणापेक्षाही चांगला कळत होता, तरी दर सोमवारी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘स्कॉलरशिपचं कुठवर आलं?’ सोमवार अशासाठी, की करोलबागचा बाजार सोमवारी बंद असतो.

आण्णांचं या परीक्षेशी जुनं भांडण होतं. त्यांच्या लेखी स्कॉलरशिप चौथीला असते. ते स्वतः चौथीत बसले होते, त्यांचा मुलगाही चौथीत बसला होता. 2017 पासून परीक्षा पाचवीला आणि आठवीला गेली, हे गुरुजींनी त्यांना अनेकदा सांगितलं. आण्णा मान डोलवायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, ‘नातू चौथीच्या स्कॉलरशिपला बसतोय, पाचवीत.’ पुढे 2025 साली सरकारनेच परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरवलं. तेव्हा आण्णांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘आलं का ध्यानात?’

परीक्षेचा आराखडा साधा आहे. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, दीड तास, 150 गुण. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांतला एक बरोबर. चुकलं तर गुण कापत नाहीत. मराठी-गणित गुरुजींच्या ताब्यात होतं. बुद्धिमत्ता चाचणी मात्र घरच्यांनी घ्यायची असं ठरलं, कारण बुद्धी घरातूनच येते यावर आण्णा आणि आजी या दोघांचं एकमत होतं. कुणाच्या बाजूच्या घरातून, यावर नव्हतं.

सोमवारची संध्याकाळ. फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा. पडद्यावर रेघरपुऱ्यातली खोली, तिच्यात आई कणीक मळतेय. इकडे आजी भाकरी थापतेय. मधे सोन्या सराव पुस्तकातला नातेसंबंधाचा प्रश्न मोठ्याने वाचतोय.

‘एका मुलीकडे बोट दाखवून रेखा म्हणाली, हिचे वडील माझ्या आईचे एकुलते एक पुत्र आहेत. तर ती मुलगी रेखाची कोण? एक, बहीण. दोन, भाची. तीन, नणंद. चार, सून.’

रीत अशी, की वाक्य शेवटाकडून उलगडत यायचं. आईचा एकुलता एक पुत्र म्हणजे रेखाचा भाऊ. भावाची मुलगी म्हणजे भाची. पर्याय दोन. सोन्याने तेवढ्यात गोळा रंगवलाही होता.

‘सरळ भाची म्हणायला तिला काय हुतंय?’ आजीने भाकरी उलटत विचारलं. ‘हिचं वडील, आईचं पुत्र... भावाचं नाव घेत न्हाई बया. वाटणीवरनं बोलणं बंद असणार.’

‘आजी, उत्तर भाची.’

‘भाची कशी? सून.’

‘सून कशी असंल? भावाची मुलगी हाय ती.’

‘मग? ही कुणाची हाय?’ आजीने पीठ लागलेल्या हाताने फोनकडे बोट दाखवलं. पडद्यातल्या आईने पदर सावरला. मुद्दा बिनतोड होता. सोन्याची आई ही आजीच्या सख्ख्या, एकुलत्या एका भावाची मुलगी. आजीने माहेरची पोरगी सून करून आणली, तशी या भागात पुष्कळ घरांत आणतात. म्हणून तर आई आजीला ‘आत्ती’ म्हणते. पुस्तकातल्या रेखाने बोट दाखवून जे सांगितलं ते आजीच्या स्वयंपाकघरात शब्दशः खरं होतं, आणि उत्तर दोनही होतं आणि चारही.

‘आत्ती, एकच गोळा रंगवायचा असतोय,’ आई दिल्लीहून म्हणाली.

‘मग चार रंगीव. भाची ती जन्माची हाय, सून मी केलीया.’

इथे परीक्षा परिषदेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा आठवीच्या स्कॉलरशिपमध्ये पाचव्या हिश्शापर्यंत प्रश्न असे असू शकत की ज्यांचे दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही गोळे रंगवावे लागत. म्हणजे परिषदेला आजीसारख्या घरांची कल्पना होती. फक्त ती आठवीपर्यंत थांबायला सांगत होती.

वडिलांची शिकवणी वेगळी. शेकडेवारीचं गणित आलं की फोन त्यांच्याकडे जायचा. पुस्तकातला व्यापारी आठशेची वस्तू नऊशे वीसला विकायचा आणि शेकडा पंधरा नफा कमवायचा. वडील ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, ‘घट किती धरली?’

घट धरलेली नसायची. पुस्तकातल्या व्यापाऱ्याच्या मालात माती, लाख, डाग काही नसतं. गलाईवाल्याकडे जुना दागिना येतो तेव्हा वितळवल्या वितळवल्या वजन थोडं उतरतं आणि गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी चढते. ‘शंभर गेलं आन् अठ्ठ्याण्णव आलं, दोन कुठं गेलं?’ या प्रश्नाला चार पर्याय नसतात. त्याला समजूत काढावी लागते.

एकदा वडिलांनी पुस्तक बाजूला ठेवायला सांगून स्वतःचं गणित घातलं. आधी धंद्याची रीत सांगितली. सोनं शुद्ध करायचं तर त्यातलं तांबं-चांदी शोऱ्याच्या तेजाबात विरघळवून काढतात, सोनं तेवढं खाली राहतं. पण दागिन्यात सोनं जास्त असलं तर तेजाब आत शिरतच नाही. सोन्याचे कण एकमेकांना धरून बसतात आणि मधे अडकलेली चांदी झाकून टाकतात. म्हणून आधी मुशीत वरून चांदी घालून एकत्र वितळवायचं, इतकी की सोनं एकूण वजनाचा चौथा हिस्सा उरेल. मग तेजाबात उकळलं की चांदी-तांबं निघून जातं आणि तळाला मातकट तपकिरी पूड बसते. बघणाऱ्याला वाटतं, सोनं वाया गेलं. ती धुऊन टाकणखार घालून पुन्हा वितळवली की पिवळी होते.

‘आता सांग. शंभर ग्रॅम माल हाय, अठरा कॅरेटचा. चांदी किती घालायची?’

सोन्याने हिशेब केला. चोवीस कॅरेट म्हणजे पूर्ण शुद्ध, तेव्हा अठरा कॅरेट म्हणजे शेकडा पंच्याहत्तर. शंभर ग्रॅममध्ये सोनं पंच्याहत्तर ग्रॅम. ते चौथा हिस्सा व्हायचं तर एकूण वजन तीनशे हवं. शंभर आहेच. ‘दोनशे ग्रॅम.’

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग वडील कुणाला तरी म्हणाले, ‘ऐकलं का?’ दुकानातल्या कामगाराने ऐकलं होतं. शेजारच्या गाळेवाल्याने ऐकलं होतं. रेघरपुऱ्यातल्या निम्म्या जिन्यांना त्या रात्री कळलं, की विट्याकडचा एक पाचवीतला पोरगा तोंडी भरणा सांगतो. परीक्षेत हे गणित येणार नाही, हे गुरुजींनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट केलं. आण्णा म्हणाले, ‘परीक्षेचं नुकसान.’

दिवाळीला सोन्या आण्णांबरोबर गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला गेला. अभ्यास बुडू नये म्हणून पुस्तक बरोबर होतं, ते निजामुद्दीनपर्यंत पिशवीतल्या चकल्यांच्या डब्याखाली राहिलं. दिल्लीत दोन फायदे झाले आणि एक तोटा. पहिला फायदा इंग्रजीचा. मेट्रोत बसलं की दर दोन मिनिटांनी एक बाई स्वच्छ आवाजात पुढच्या स्टेशनचं नाव सांगते, दरवाजे डावीकडे उघडतील की उजवीकडे ते सांगते, आणि फटीकडे लक्ष द्या म्हणून बजावते. करोलबाग ते राजीव चौक अशा फेऱ्यांत सोन्याचे ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ इतके पक्के झाले की गावातल्या एसटीतही तो दार कुठल्या बाजूला उघडेल ते आधी सांगू लागला. एसटीला दार एकाच बाजूला असतं, हे कंडक्टरने त्याला मराठीत सांगितलं. दुसरा फायदा असा की झंडेवालानजवळ मेट्रोच्या पुलाला लागून उभा असलेला तो 108 फुटी हनुमान बघून त्याला ‘किती पट’ची गणितं करावीशी वाटली. आण्णा किती फूट, हनुमान किती फूट, तर हनुमान आण्णांच्या किती पट?

तोटा दिशांचा. सराव पुस्तकात प्रश्न होता, ‘सकाळी मैदानात उभ्या असलेल्या मुलाची सावली त्याच्या उजव्या हाताला पडली, तर त्याचं तोंड कोणत्या दिशेला?’ गावात आण्णा हा प्रश्न अंगणात सोडवत. नातवाला सकाळच्या उन्हात उभं करायचं. सूर्य पूर्वेला, तेव्हा सावली पश्चिमेला. उजवा हात पश्चिमेकडे येईपर्यंत पोराला फिरवायचं, मग समोर बघायला सांगायचं. समोर मारुतीचं देऊळ दिसलं की उत्तर दक्षिण. हीच रीत वडिलांनी रेघरपुऱ्याच्या गच्चीवर करायची ठरवली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. सकाळचे आठ वाजले होते आणि आभाळात गढूळ उजेडाखेरीज काही नव्हतं. सोन्या गच्चीवर उभा राहिला, उजवीकडे फिरला, डावीकडे फिरला. सावली पडेना. वडील म्हणाले, थांब, ऊन येईल. साडेनऊला शेजारचा एक माणूस मास्क लावून कपडे काढायला आला आणि विचारू लागला, पोराला शिक्षा का केलीय?

सोन्याने प्रश्नाशेजारी पेन्सिलीने लिहिलं, ‘दिल्लीत उत्तर येत नाही.’

नोव्हेंबर निवडणुकीत गेला. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, गुरुजी निवडणुकीच्या कामाला, आणि शाळेत मतदान केंद्र. ज्यादा तास बंद पडले. उलट गाव भरलं. चेन्नईपासून दिल्लीपर्यंतचे गलाईवाले मतदानाला आले, त्यांत सोन्याचे वडीलही. पोराला परीक्षेच्या वेळी नक्की येतो असा शब्द त्यांनी दिला आणि परत गेले. जानेवारीत दिल्लीची निवडणूक लागली, मतदान 5 फेब्रुवारी. आचारसंहितेत पन्नास हजारांवर रोकड घेऊन निघालं तर कागद दाखवावा लागतो, नाहीतर नाक्यावरचं पथक जप्त करतं. ज्याचा धंदाच रोकड आणि धातू पिशवीत घालून या गल्लीतून त्या गल्लीत जायचा, त्याने महिनाभर काय करायचं? तुंबलेली देणी-घेणी निकालानंतरच मोकळी होणार होती. निकाल 8 तारखेला, परीक्षा 9 तारखेला, रविवारी. वडील अडकले. आई एकटी गोवा एक्स्प्रेसने निघाली.

ती येण्याच्या आठवडाभर आधी घरात एक संकट येऊन गेलं. सोन्याने घड्याळ लावून पूर्ण सराव पेपर सोडवला आणि आण्णांनी तपासला. पहिल्या चाळीस प्रश्नांत दोनच चुका. पुढच्या चौतीस उत्तरांत फक्त नऊ बरोबर. आजीने दृष्ट काढली. गुरुजी म्हणाले, दमला असेल. आण्णा गप्प होते. करोलबागचं दुकान मुलाच्या हाती देईपर्यंत त्यांनी आयुष्यभर रोजमेळ जुळवला होता. असा ठरावीक जागेपासून बिघडणारा हिशेब दमल्याने बिघडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. डोळे झाकून गोळे रंगवले तरी चारांत एक बरोबर येतो, म्हणजे चौतीसांत आठ-नऊ. पोराचे नऊच आले होते. तेव्हा ही उत्तरं पोराची नव्हती, नशिबाची होती.

त्यांनी उत्तरपत्रिका चष्म्याजवळ धरली. सोन्याने एकच प्रश्न नंतर करू म्हणून सोडला होता, एक्केचाळिसावा. म्हणजे एक्केचाळिसाची ओळ कोरी हवी. ती भरलेली होती, आणि कोरी होती पंच्याहत्तरावी. बेचाळिसाचं उत्तर एक ओळ वर चढलं होतं आणि त्याच्यामागे सगळी रांग. आण्णांनी फूटपट्टी एक ओळ खाली सरकवून पुन्हा तपासलं. चौतीसांत एकतीस बरोबर.

खऱ्या परीक्षेत हे दुरुस्त होत नाही. गोळे शाईच्या बॉलपेननेच रंगवायचे, आणि एकदा रंगवलेला गोळा बदलता येत नाही. म्हणून आण्णांनी नियम घातला. दर दहा प्रश्नांनी पेन खाली ठेवायचं, प्रश्नाचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक तोंडाने म्हणायचा. आणि सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेवर लगेच फुली मारायची. दुसरा नियम, शेवटी एकही ओळ कोरी ठेवायची नाही, कारण चुकलं तरी गुण जात नाहीत. याला आजीचा विरोध होता. माहीत नसताना उत्तर देणं म्हणजे खोटं बोलणं. ‘मग तुझी सून कशाच्या आधारावर रंगीवली हुतीस?’ आण्णांनी विचारलं. दोन दिवस घरात फक्त दिल्लीच्या फोनवर बोलणं झालं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर मुलं शंभर आणि माणसं चारशे. त्यांत आजी-आजोबाच जास्त. पहिला पेपर अकराला. आण्णांनी तीन पेनं कागदावर चालवून दिली. आईने सवयीने ‘पानी पी लो’ म्हटलं आणि शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मधल्या सुट्टीत सोन्या बाहेर आला तेव्हा फोनवर वडील होते. मागे कुणाचा तरी विजयाचा ढोल वाजत होता.

‘कसा गेला?’

‘सोपा हुता.’

‘दहा-दहाला थांबलास?’

‘हां.’

‘घट?’

‘दोन,’ सोन्या म्हणाला.

पुढे परिषदेने अंतरिम उत्तरसूची लावली. तिच्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप घेता येतो, तज्ज्ञ बघतात आणि मग अंतिम सूची निघते. एखादा प्रश्न चुकीचा ठरून रद्दही होतो. आण्णांनी गुरुजींच्या फोनवरून सूची उतरवून घेतली आणि प्रश्नपत्रिकेवरच्या सोन्याच्या खुणांशी रोजमेळासारखी ताडून पाहिली. आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

आजीने मात्र आक्षेपाचं ऐकलं होतं.

‘मग आमचं सुनेचं घाला की त्यात.’

‘ते परीक्षेत आलंच न्हवतं, आजी. सराव पुस्तकातलं हुतं.’

‘बरं, मग पुस्तकवाल्याला लिवा.’

‘पुरावा लागतोय,’ आण्णा म्हणाले. ‘नुसतं म्हणून चालत न्हाई.’

आजीने फोन उचलला, सोमवार नसताना रेघरपुऱ्याला लावला आणि सुनेला सांगितलं, ‘तुझा एक चांगला फोटू पाठीव. आन् तुझ्या बापाचं आधार कार्ड.’